एकतिसाव्या भागापर्यंत

नगरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सीमा तिथं एकोणीस वर्षं टायपिंग करते. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, भाडेकरार, नावात बदलाचे अर्ज. तिची बोटं इतकी सरावलेली की समोरचा माणूस "मी खाली सही करणार" म्हणेपर्यंत तिची पुढची ओळ झालेली असते. केडगावात आई सुमनबाईंबरोबर राहते. वडील उत्तमराव शिक्षक होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकदा लग्न ठरलं होतं, मोडलं. कुणी मोडलं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता ती सेहेचाळीसची आहे.

ती गोष्टी लिहिते हे मला पहिली पंधरा वर्षं माहीत नव्हतं. मोबाईलवर एक वाचनाचं अ‍ॅप आहे, त्यावर क्रमशः कादंबऱ्या येतात. आठवड्याला एक भाग, दहा मिनिटांत वाचून होईल एवढा. वाचणाऱ्या बहुतेक बायका. कुणी भाजी चिरताना वाचतं, कुणी बसमध्ये. खाली प्रतिक्रिया लिहितात, आणि कोणत्या भागावर किती जणींनी वाचन सोडलं तेही लेखिकेला दिसतं. सीमा प्रेमकथा लिहायची. सावकाश पेटणाऱ्या.

पहिल्या कादंबरीत तिनं घाई केली. नवव्या भागातच नायक म्हणाला, मला तू आवडतेस. नायिकाही हो म्हणाली. आणि कादंबरी चाळीस भागांची! उरलेल्या एकतीस भागांत करायचं काय? मग आली सासू, आली नणंद, आलं एक खोटं मृत्युपत्र. वाचक विसाव्या भागापर्यंत निम्मे झाले. दुसऱ्या वेळी तिनं ठरवलं, आता शेवटपर्यंत बोलूच द्यायचं नाही. कबुली थेट सेहेचाळिसाव्या भागात. तोवर दोघांना लांब ठेवायला तिनं गैरसमज पेरले. चिठ्ठी भलत्याच माणसाच्या हातात, फोन बंद, अर्धवट ऐकलेलं वाक्य. श्रीरामपूरच्या एका बाईनं खाली लिहिलं, "ताई, यांनी एकमेकांना एक फोन केला असता तर कादंबरी बाराव्या भागातच संपली असती." सीमानं ते मला वाचून दाखवलं तेव्हा हसत होती, पण डोळे पाणावले होते. तेव्हाच मला कळलं की ही लिहिते.

तिसरी कादंबरी तिनं २०२२ च्या पावसाळ्यानंतर सुरू केली. नायिका ज्ञानेश्वरी, गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारी. नायक पार्थ, दूध न्यायला येणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर. रोज सकाळी टँकर केंद्रासमोर उभा राहतो तेवढीच त्यांची भेट, पंधरा मिनिटांची. पन्नास भाग.

आणि त्याच सुमारास राधाकृष्ण दुकानात येऊ लागले.

ते भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करत. मूळचे देवळाली प्रवराचे, घरी ऊस, आई, आणि पूजा नावाची मुलगी, तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजात. बायको करोनाच्या आधीच्या वर्षी गेलेली. दर गुरुवारी कोर्टात द्यायची निवेदनं टाईप करून घ्यायला ते यायचे. उंच, उन्हानं रापलेला माणूस. बोलणं कमी. सीमाला "मॅडम" म्हणत, ती त्यांना "साहेब".

एका गुरुवारी चुकून त्यांच्या निवेदनाबरोबर सहाव्या भागाचे कागदही प्रिंट होऊन गेले. पुढच्या गुरुवारी ते घडी न मोडता परत आणून दिले.

"हे तुमचंय, मॅडम. वाचलं मी. वाचायला नको हुतं, पर वाचलं."

सीमा लालबुंद झाली. "टाकून द्यायचं होतं, साहेब."

"एक विचारू का? ह्या पार्थला कळलंय का, की त्याला ती आवडती?"

"वाचकाला कळलंय," ती म्हणाली.

"ते मलाबी कळलं. त्याला कळलंय का?"

त्या दुपारी सीमानं वाया गेलेल्या लीगल कागदाच्या पाठीमागं पट्टीनं रेघा मारल्या आणि पन्नास ओळींचा तक्ता केला. प्रत्येक भागासमोर तीन रकाने: वाचकाला काय माहीत, त्याला काय माहीत, तिला काय माहीत. मी चहा घेऊन गेले तर मला समजावून सांगायला लागली. वाचकाला पाचव्या भागात ओळखू यायला हवं, कारण आपल्याला माहीत आहे आणि त्या दोघांना नाही, यातच वाचणाऱ्याला रुखरुख लागते. पार्थला स्वतःचं मन चौदाव्या भागात कळावं. ज्ञानेश्वरीला बाविसाव्यात, आणि तिनं ते लगेच नाकारावं. तिघांना एकदमच कळलं तर लांबवायला काही उरतच नाही.

"आणि सांगायचं कधी?" मी विचारलं.

तिनं एकतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच्या आधी सांगितलं तर पाया पुरेसा झालेला नसतो. फार पुढं ढकललं तर सांगितल्यावर त्या दोघांचं काय होतं ते दाखवायला जागाच राहत नाही. आणि तेच तर खरं बघायचं असतं, असं ती म्हणाली.

मग चौथा रकाना वाढला: या भागात दोघं किती जवळ आले. तो रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही, असा तिचा नियम. जवळ येणं म्हणजे मिठी वगैरे नव्हे. आठव्या भागात पार्थला कळतं की तिला चहात आलं चालत नाही. अकराव्यात ती त्याच्याकडं पहिल्यांदा मदत मागते, आणि ती कुणाकडंच मागत नसते. सतराव्यात तो तिला रडताना बघतो आणि न विचारता कॅन विसळत बसतो. एकोणिसाव्यात भरलेला कॅन उचलताना दोघांचे हात एका कडीवर येतात आणि कुणी लगेच काढत नाही. विसाव्यात बदली ड्रायव्हर येतो, पार्थ चार दिवस नाही, आणि ज्ञानेश्वरी पहिल्यांदाच रस्त्याकडं बघते. पायरी चढली की मागं उतरायचं नाही. भांडण झालं तरी भांडणात जास्तच जवळचं काहीतरी बाहेर पडलं पाहिजे. सत्ताविसाव्या भागात तिनं तेच केलं. ज्ञानेश्वरी चिडून पार्थला बोलता बोलता "तुम्ही"वरून "तू"वर घसरते आणि दोघंही गप्प होतात. त्या भागावर सहाशे प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या निम्म्या नुसत्या "तू" एवढ्याच.

राधाकृष्ण दर गुरुवारी पुढचे भाग घेऊन जायचे आणि पेन्सिलीनं खुणा करून आणायचे. खुणा थोड्याच, पण नेमक्या. पंचविसाव्या भागात पार्थ बोलणार असतो. सीमानं आधी लिहिलं होतं, तो तोंड उघडतो आणि केंद्राचा सचिव येतो.

"हे काढा," राधाकृष्ण म्हणाले.

"का? मध्येच कुणीतरी येतंच की."

"येतं. पर मग आमी त्या सचिवावर चिडतो. पार्थ स्वतःच का गप बसला न्हाई?"

सीमानं विचार केला आणि बदललं. आता पार्थ बोलणार असतो, तेवढ्यात ज्ञानेश्वरी सहज सांगते की तिला साताऱ्याच्या डेअरीत सुपरवायझरची जागा मिळू शकते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठंतरी जायचंय. पार्थ आलेला शब्द गिळतो. आता अडचण खरी झाली. बोलला तर तिची वाट अडते, न बोलला तर ती जाते. दोन्हीकडं माणूस बरोबरच. अ‍ॅपवाल्यांच्या संपादक बाईंचा फोन आला होता, विसाव्या भागातच कबुली द्या, वाचक मागतायत. सीमा त्यांना शांतपणे म्हणाली, "मागतायत म्हणजे थांबलेत, मॅडम. सोडून गेलेल्या मागत नाहीत."

त्या आठ-नऊ महिन्यांत मी सीमाला जेवढं खुलताना पाहिलं तेवढं त्या आधी कधीच नाही. बुधवारी संध्याकाळी ती मशीनवरचा कपडा धुवायला घेऊन जायची. गुरुवारी केसांना तेल नाही लावायची. राधाकृष्ण कामाची निवेदनं तर आता पोस्टाच्या कामासारखी पाच मिनिटांत उरकत, आणि मग अर्धा तास पार्थ आणि ज्ञानेश्वरी. "ती आज त्याच्याकडं बघणार न्हाई, मॅडम. कालच जास्त बोललीय ती." "बघेल, साहेब. पण त्याची पाठ असताना." मी झेरॉक्स काढत ऐकायचे. त्या दोघांविषयी ते इतक्या मायेनं बोलत की मला मध्येच वाटे, यांना खोकून जागं करावं. पण मी खोकले नाही.

मे महिन्यात बदल्यांची यादी लागली. राधाकृष्णांची बदली नंदुरबारला झाली. जूनच्या मध्याला हजर व्हायचं होतं.

"लांब आहे," सीमा म्हणाली.

"लांब हाय," ते म्हणाले, आणि त्या गुरुवारी पार्थविषयी कुणीच काही बोललं नाही.

सीमा नेहमी दहा भाग पुढं लिहून ठेवत असे, म्हणजे आजारपणात खंड पडत नाही. तेव्हा अ‍ॅपवर सव्विसावा भाग आला होता आणि ती तिसाव्याच्या पुढं लिहीत होती. ठरल्याप्रमाणं एकतिसाव्यात पार्थ बोलायला हवा होता. बोलला नाही. केंद्रावर तपासणीचं पथक आलं. बत्तिसाव्यात टँकर बंद पडला. तेहतिसाव्यात गावात लग्न निघालं, त्यात दोघं एकमेकांना लांबून बघत राहिले, फार सुंदर लिहिलं होतं, पण बघतच राहिले. तक्त्यावर कबुली आधी चौतिसाव्या ओळीत सरकली, मग अडतिसाव्या. खोडरबरानं तिथला कागद पातळ झाला होता.

जूनच्या पहिल्या गुरुवारी राधाकृष्ण एकतीस ते सदतीस भागांचा गठ्ठा परत घेऊन आले. एकाही पानावर पेन्सिलीची खूण नव्हती.

"आवडलं नाही?" सीमानं विचारलं.

ते स्टुलावर बसले. "शब्द चांगलेयत. पर सात भाग झाले, मॅडम, नवीन कायबी कळलं न्हाई. ना त्याला, ना तिला, ना मला. आधी ते दोघं आपल्या मनानं थांबले हुते. आता त्यांना कुणीतरी थांबवलंय."

"वाचकांना थांबायला आवडतं."

"व्हय. पर थांबण्यात कायतरी वाढत असलं तर."

सीमा एकदम चिडली. "मोजणीतलं कळतं तुम्हाला, साहेब, यातलं नाही. माझी कादंबरी आहे."

राधाकृष्ण उठले. "व्हय. तुमचीच हाय," म्हणाले आणि छत्री विसरून गेले.

सीमा दुपारभर एका गहाणखतावर चुका करत राहिली. चार वाजता तिनं तक्ता काढून माझ्यासमोर काउंटरवर पसरला. एकतीस ते सदतीस, चौथा रकाना. जवळ किती आले? सातही ओळी कोऱ्या. तिच्याच नियमानं कधी कोऱ्या राहायला नकोत त्या.

"ताई, मी पार्थला नाही अडवलं," ती म्हणाली. "कबुलीचा भाग झाला की साहेबांना वाचायला काय उरणार? बदली तर झालीच आहे. मला वाटलं, भाग संपले नाहीत तर ते कागदांसाठी तरी येतील." मग तक्त्याची घडी घालत बसली. "चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस असं करतं का?"

मी म्हटलं, "करतं. त्र्याहत्तराव्या वर्षीही करतं." आणि तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सात भागांतले सहा काढून टाकले. तेहतिसाव्यातलं लग्न तेवढं ठेवलं, तेही दोन पानांचं करून तिसाव्या भागात घातलं. कारण कबुलीच्या आधीचा भाग शांत हवा, असं ती म्हणायची, आधीच ढोलताशा वाजला तर खालचा आवाज ऐकू येत नाही. मग जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, तिनं एकतिसावा भाग लिहिला.

साताऱ्याला जायच्या आदल्या सकाळची गोष्ट. ज्ञानेश्वरी नमुने मोजतेय. पार्थ टँकरला पाईप जोडतो आणि तिच्याकडं न बघता म्हणतो, "मी दुसरा रूट मागितलाय. तू नसशील तर ह्या रस्त्यावर गाडी चालवायला मला जमणार नाही. तू मला हवी आहेस, ज्ञाने. पण थांब म्हणायला आलो नाही. जा. फक्त माहीत नसताना जाऊ नकोस." बस, एवढंच. हे सीमानं भागाच्या शेवटी ठेवलं नाही, मधोमध ठेवलं. शेवटच्या ओळीवर ठेवलं की वाचकाला झटका बसतो, पण ज्ञानेश्वरीचा चेहरा बघायला मिळत नाही. उरलेल्या पानांत ज्ञानेश्वरी उत्तर देत नाही. एकच नमुना दोनदा मोजते, आकडा लिहायचा विसरते, आणि टँकर निघाल्यावर पहिल्यांदाच केंद्राचं शटर अर्धं खाली ओढून बसते.

सत्ताविसाव्यानंतरचे भाग ठरल्या दिवशी येत राहिले आणि जूनच्या दुसऱ्या मंगळवारी एकतिसावा आला. प्रतिक्रिया मोजायचं तिनं सोडून दिलं. श्रीरामपूरच्या त्याच बाईनं लिहिलं, "मला वाटलं होतं मी ओरडेन. मी गॅस बंद करून बसून राहिले."

गुरुवारी राधाकृष्ण आले. शेवटचाच गुरुवार. छत्री न्यायला आलो म्हणाले. सीमानं त्यांना कागद दिले आणि ते तिथंच, स्टुलावर बसून वाचायला लागले. दोन पक्षकार येऊन गेले. मी त्यांना स्वतःच अर्ज लिहून दिले. वाचून झाल्यावर राधाकृष्णांनी कागद नीट जुळवले आणि म्हणाले, "बरोबर जागी आलं."

"साहेब," सीमा म्हणाली. ती मशीनसमोरून उठून काउंटरच्या बाहेर आली. "ते सात भाग मी तुमच्यासाठी लांबवले होते. तुम्ही येत राहावं म्हणून. तुम्ही मला आवडता. बरेच दिवस झाले. उत्तर मागत नाही, पण माहीत नसताना जाऊ नका."

मी आतल्या खोलीत जायला हवं होतं. पाय हलला नाही.

राधाकृष्णांनी छत्री काउंटरला टेकवून ठेवली. "तुमच्यापुढं खोटं बोलवत न्हाई मला," ते म्हणाले. "मलाबी. कवापासनं ते सांगता येणार न्हाई. पर पूजाला स्थळं यायला लागलीत. आई घरात हाय. पूजाचं मार्गी लागस्तोवर मला काय करता येणार न्हाई, आणि तुमाला थांबा म्हणायचा मला हक न्हाई."

"आणि आमचं घर बौद्ध आहे. तेही म्हणा."

"ते मी म्हणणार नव्हतो."

"म्हणून मी म्हटलं. देवळालीत तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी म्हणेल."

"म्हणतील," ते म्हणाले. "त्यांना उत्तर द्यायचं काम माझं."

ते नंदुरबारला गेले. सीमानं उरलेले एकोणीस भाग लिहिले. ज्ञानेश्वरी साताऱ्याला गेलीच. आता दोघांना एकमेकांचं मन माहीत होतं आणि मध्ये अंतर होतं. फोनवर काय बोलावं हे दोघांना कळत नव्हतं, रूट बदलूनही पार्थ एकदा सवयीनं केंद्रापाशी थांबला. वाचक सांगत, कबुलीनंतर कादंबरी इतकी जिवाला लागेल असं वाटलं नव्हतं. एकही बाई म्हणाली नाही की आता काय उरलं. सीमा हे भाग लिहिताना खिडकीबाहेर बघत बसायची. मी विचारायचे नाही.

राधाकृष्णांचा फोन रविवारी दुपारी यायचा. कधी वीस मिनिटं, कधी नेटवर्क जाऊन चारच. काय बोलतात, विचारलं तर ती म्हणे, "काही नाही. तिकडं पाऊस आहे म्हणाले." गुरुवारी मात्र ती अजूनही साडेअकराला दाराकडं बघायची. दार उघडंच असायचं, ऊन आत आलेलं असायचं, आणि कुणीतरी नावात बदलाचा अर्ज घेऊन उभं असायचं. असं दीड वर्ष. दिवाळीला ते देवळालीला आले होते, पूजाच्या स्थळाच्या बोलणीसाठी नगरवरूनही गेले, पण उतरले नाहीत. घरची माणसं गाडीत होती. सीमाला ते नंतर फोनवर कळलं. त्या दिवशी तिनं एक अख्खं भाडेपत्र चुकीच्या पत्त्यावर टाईप केलं.

मागच्या फेब्रुवारीत पूजाचं लग्न झालं. राहुरीचा मुलगा, बँकेत. लग्नाचं बोलावणं मला आलं, सीमाला आलं नाही. ते तिला लागलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी राधाकृष्ण केडगावला सीमाच्या घरी आले, आधी फोन करून. हे मला सीमानं सोमवारी दुकानात सांगितलं. सुमनबाई ओट्यावर बसून हरभरा निवडत होत्या. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का ते मोजणीवाले?"

"व्हय, आई."

"आईला सांगून आलात का तुमच्या?"

"सांगितलं. कालच सांगितलं. ती दोन दिस बोलणार न्हाई म्हणाली. बोलंल मग. पूजाला माहीत हाय. ती म्हणाली, आप्पा, लई उशीर केलात."

सुमनबाई हरभऱ्याचं सूप बाजूला ठेवून आत गेल्या आणि पीठ मळायला घेतलं. सीमाला आतून हाक मारली, ताट वाढ म्हणाल्या. राधाकृष्ण जेवले. तिसरी भाकरी नको म्हणाले, ती सुमनबाईंनी वाढलीच.

"किती दिवस रजा?" त्यांनी विचारलं.

"परवा जायचंय."

"मग उद्या पण जेवायलाच या," सुमनबाई म्हणाल्या.